रेषा ओलांडली म्हणजे काय झालं?

लसीकरणाच्या दिवशी बाळाचं वजन होतं, लांबी होते आणि शेवटी डोक्याभोवती टेप फिरते. वजनाचा आकडा दवाखान्यातून बाहेर पडायच्या आत फोनवरून आजीपर्यंत पोचलेला असतो. डोक्याचा घेर मात्र फाइलमध्ये लिहिला जातो आणि तिथेच राहतो. मग एखाद्या दिवशी कुणीतरी 'घेर ९७ पर्सेंटाइलच्या वर गेलाय, लक्ष ठेवायला हवं' असं म्हणतं आणि त्या रात्री घरात कुणाला झोप लागत नाही. मोबाइलवर शोधलं की पहिल्या पानावरच डोक्यात पाणी झाल्याच्या गोष्टी येतात. खरं तर अशा दहा जणांची घाबरगुंडी उडते तेव्हा त्यांतल्या बहुतेकांच्या बाळाला काहीही झालेलं नसतं. पण ज्या एखाद्याला खरोखर काही झालेलं असतं, त्याला वेळेवर पकडायला या साध्या टेपपेक्षा स्वस्त साधन नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते समजायला आकड्यापेक्षा तो आकडा आला कुठून हे आधी पाहावं लागतं.

बाळाची कवटी एकसंध नसते. हाडांचे वेगवेगळे पत्रे असतात, त्यांच्यामध्ये शिवणी असतात आणि पुढे माथ्यावर, जिथे शिवणी एकत्र येतात, तिथे मऊ टाळू. आतला मेंदू वाढतो, तो आतून दाब देतो आणि त्या दाबाला उत्तर म्हणून शिवणींच्या कडेला नवं हाड तयार होत जातं. म्हणजे कवटी मेंदूच्या मागे मागे वाढते. जन्मताना साधारण ३५० ग्रॅमचा मेंदू पहिल्या वाढदिवसापर्यंत ९०० ग्रॅमच्या आसपास जातो, तेव्हा डोक्याचा घेर हा त्या वाढीचा बाहेरून घेता येणारा माग आहे. टाळू बहुतेक मुलांत नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान भरून येते. रोज तेल घालून टाळू 'भरली' नाही तर ती उघडीच राहील, असं बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाई सांगतात. तेल घालायला हरकत नाही, पण टाळू बुजते ती हाडाने, तेलाने नव्हे.

घेर वाढण्याचा वेग मात्र सगळीकडे सारखा नसतो. पहिल्या तीन महिन्यांत दरमहा सुमारे दोन सेंटीमीटर, पुढच्या तीन महिन्यांत दरमहा एक आणि त्यानंतर वर्षापर्यंत दरमहा अर्धा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मुलग्याचा मधला आकडा जन्मताना ३४.५ सेंटीमीटर आहे, तीन महिन्यांना ४०.५, सहा महिन्यांना ४३.३ आणि वर्षाला ४६.१. मुलींचे आकडे अर्ध्या ते सव्वा सेंटीमीटरने कमी असतात. एका वर्षात जवळजवळ बारा सेंटीमीटर वाढ होते आणि त्यातली निम्मी पहिल्या तीन महिन्यांत उरकते. त्यामुळे याच काळात रेषा सर्वांत जास्त ओलांडल्या जातात आणि याच काळात मोजण्यातली चूक सर्वांत महागात पडते.

हे तक्ते आले कुठून, हेही थोडक्यात सांगायला हवं. १९९७ ते २००३ या काळात सहा देशांत, ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिकेत, निरोगी आणि स्तनपान मिळालेल्या मुलांची मापं घेतली गेली. भारतातलं केंद्र दक्षिण दिल्लीत होतं. वजन-उंचीचे तक्ते २००६ मध्ये आणि डोक्याच्या घेराचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ हेच तक्ते वापरतात. त्यावर सहसा पाच रेषा असतात: ३, १५, ५०, ८५ आणि ९७.

पर्सेंटाइल हा शब्द महाराष्ट्रातल्या घरांना सीईटीच्या निकालामुळे चांगलाच ओळखीचा झालाय, आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. सीईटीत ९७ म्हणजे पेढे आणि १५ म्हणजे शांतता. इथे तसं नाही. १५ पर्सेंटाइलवरचं बाळ म्हणजे शंभर निरोगी बाळं घेरानुसार ओळीत उभी केली तर पंधरा त्याच्यापेक्षा लहान डोक्याची असतील, एवढंच. तेही निरोगी आणि ८५ वालंही निरोगी. घेर मोठा म्हणून बाळ हुशार असं तर मुळीच नाही. आणि ९७ च्या वर जी तीन बाळं असतात, तीही याच निरोगी शंभरांतलीच आहेत. रेषा आजारी आणि निरोगी यांच्यामध्ये ओढलेली नाही, ती निरोगी मुलांच्या गर्दीतच ओढलेली आहे.

उलट एक बाब अशी, की जगभरच्या मुलांची डोकी एका तक्त्यात नीट मावत नाहीत. अमेरिकेतल्या दवाखान्यांमधल्या हजारो मुलांची मापं २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांच्यातली ९७ च्या वरची मुलं अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाली. आपल्याकडे जन्मतःच कमी वजनाची बाळं बरीच असतात आणि त्यांची डोकीही लहान असतात, त्यामुळे खालच्या रेषेच्या आसपास गर्दी दिसते. म्हणून एका मापावर निकाल द्यायचा नाही. दोन-तीन मापं हाताशी आली की ती रेषेच्या कुठे आहेत यापेक्षा ती कुठे चालली आहेत, हे वाचायचं असतं.

पण दोन मापांची तुलना करायची तर दोन्ही मापं खरी हवीत, आणि इथे घोटाळा होतो. चार महिन्यांच्या मुलग्याच्या तक्त्यावर ५० आणि ८५ या रेषांमध्ये अंतर असतं सव्वा सेंटीमीटर. ८५ आणि ९७ यांच्यात तर जेमतेम एक. टेप कपाळावर अर्धा सेंटीमीटर सरकली, मागे मानेच्या बाजूला घसरली किंवा सैल धरली तर एवढा फरक सहज पडतो. म्हणजे बाळाचं डोकं होतं तिथेच असतं आणि कागदावर त्याने रेषा ओलांडलेली असते.

माप घ्यायची रीत अशी. टेप न ताणली जाणारी हवी. शिंप्याची कापडी टेप वापरात ताणली जाते, वर्षभरात ती अर्धा सेंटीमीटर खोटं बोलायला लागते. फायबरग्लासची किंवा या कामासाठीच मिळणारी पातळ प्लॅस्टिकची, साधारण सेंटीमीटरभर रुंदीची आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली टेप बरी. रुंद टेप गोल डोक्यावर सपाट बसत नाही, एका कडेने उचलली जाते. टेपचं शून्य नेमकं कुठे आहे हे आधी पाहायचं, काहींवर ते टोकाला असतं तर काहींवर दोन-तीन सेंटीमीटर आत. टेपवर शंका असेल तर स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवून ताडून पाहायची.

बाळाला आईच्या मांडीवर ताठ बसवायचं किंवा फार लहान असेल तर आडवं धरायचं. टोपडं, कुंची, क्लिपा, केसांचे रबर काढायचे. मग टेप पुढून भुवयांच्या किंचित वरच्या उंचवट्यावर, बाजूने दोन्ही कानांच्या वरून, आणि मागून डोक्याचा जो भाग सर्वांत जास्त बाहेर आलाय त्याच्यावरून न्यायची. मागचा हा ठिपका डोळ्यांनी सापडत नाही, बोटाने चाचपून शोधावा लागतो. म्हणून टेप मागे वर-खाली थोडी हलवून पाहायची आणि आकडा सर्वांत मोठा कुठे येतो ते धरायचं. आपल्याला हवा असतो तो सर्वांत मोठा घेर. टेपची दोन टोकं बाळाच्या डोक्याच्या बाजूला एकमेकांवरून ओलांडून खेचायची, म्हणजे पट्टी कपाळाला समांतर बसते आणि वाचताना आपण बाळाच्या डोळ्यांत बोट घालत नाही. केस दबतील इतकी घट्ट धरायची, कातडी वळेल इतकी नाही.

आकडा मिलिमीटरपर्यंत वाचायचा. ४२ च्या पुढे आहे म्हणून ४२.५ लिहायचं नाही, ४२.३ असेल तर ४२.३ लिहायचं. टेप काढायची, पुन्हा घालायची, पुन्हा वाचायचं, असं तीनदा. तीन आकड्यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक राहतोच, त्यातला मोठा आकडा फाइलमध्ये जातो. अर्धा सेंटीमीटर फरक आला तर कुठेतरी चुकलंय असं समजायचं आणि नव्याने सुरुवात करायची. या सगळ्याला दोन मिनिटं लागतात. गर्दीच्या ओपीडीत ही दोन मिनिटं मिळत नाहीत, ही खरी अडचण आहे. रडून लाल झालेल्या बाळाला इंजेक्शननंतर मोजणं तर अगदीच निरर्थक. माप आधी, सुई नंतर.

काही चुका अशा असतात की मोजणाऱ्याचा हात कितीही चांगला असला तरी होतातच. नॉर्मल बाळंतपणात बाळाचं डोकं जन्ममार्गातून येताना लांबट होतं, वरची कातडी सुजते, कधी हाडावर रक्ताचं आवाळू येतं. त्यामुळे पहिल्या दिवशीचं माप कच्चं धरायचं आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा घ्यायचं. पुष्कळदा फाइलमध्ये पहिल्या दिवशीचाच आकडा राहतो आणि दीड महिन्याच्या मापाशी त्याची तुलना होते. जावळ दाट असेल तर घेर एक-दोन मिलिमीटर जास्त येतो आणि जावळ काढल्यावर तेवढाच कमी. डोक्याचा आकारही आकडा बदलतो. आतली जागा तेवढीच असली तरी लांबट डोक्याचा घेर गोल डोक्यापेक्षा जास्त भरतो, कारण दिलेल्या परिघात सर्वांत जास्त जागा वर्तुळच कोंडतं. एकच शिवण लवकर जुळून डोकं होडीसारखं लांब झालेल्या बाळाचा घेर म्हणूनच तक्त्यावर अगदी व्यवस्थित दिसू शकतो. तिथे टेपने समाधान मानून चालत नाही, डोक्यावरून हात फिरवून वरून बघावं लागतं.

आता एक मुलगा घेऊ. पूर्ण दिवसांचा, जन्माचं वजन चांगलं. आकडे मी समजायला सोपे जावेत म्हणून घेतले आहेत, पण अशी फाइल कोणत्याही बालरोगतज्ज्ञाकडे सापडेल. तिसऱ्या दिवशी घेर ३५ सेंटीमीटर, म्हणजे मधल्या रेषेच्या किंचित वर. दीड महिन्याच्या लसीला ३८.८, अजूनही मध्य रेषेच्या वर, ८५ च्या खाली. साडेतीन महिन्यांच्या, म्हणजे चौदाव्या आठवड्याच्या लसीला ४२. हा ८५ च्या रेषेवर बसतो. सहा महिन्यांना ४६. त्या वयाची ९७ ची रेषा ४५.६ वर आहे, म्हणजे हा तिच्याही पलीकडे गेला.

पहिलं काम म्हणजे तीनदा मोजून खात्री करणं, आणि मधले आकडे वाढीच्या वेगात तपासणं. दीड महिना ते साडेतीन महिने या आठ आठवड्यांत ३.२ सेंटीमीटर वाढले, मध्यम बाळाचे सुमारे २.६ वाढतात. पुढच्या बारा आठवड्यांत ४ वाढले, मध्यम बाळाचे अडीच. वेग जास्त आहे, पण तो झटका नाही, चढ सावकाश आहे. दुसरं काम म्हणजे बाळाकडे पाहणं. तो हसतो, पालथा पडतो, खेळण्याकडे हात नेतो, दूध पितो, उलट्या नाहीत. त्याला मांडीवर उभं धरलं आणि तो शांत असला की टाळू सपाट लागते, बोटाखाली हलकं ठोके देते. मान मात्र इतर मुलांपेक्षा थोडी उशिरा सावरली, असं आई सांगते.

तिसरं काम कुणालाच सुचत नाही आणि त्यानेच निम्म्या प्रकरणांचा उलगडा होतो. आई-वडिलांची डोकी मोजायची. या बाळाच्या बाबांचा घेर साठ सेंटीमीटर निघतो. हेल्मेट नेहमी सर्वांत मोठं घ्यावं लागतं, असं ते हसत सांगतात, आणि त्यांची आई मागून म्हणते, 'हा पण लहानपणी असाच मोठ्या डोक्याचा होता.' आई-वडिलांच्या घेराची सरासरी घेऊन बाळाच्या घेराशी ताडायचा तक्ता १९८० सालापासून वापरात आहे. घरात मोठ्या डोक्यांची परंपरा असेल तर बाळ जन्मताना मध्यम घेराचं असतं आणि पुढच्या काही महिन्यांत चढत चढत आपल्या घराण्याच्या रेषेवर जाऊन बसतं.

याच्या आत काय घडत असतं तेही कळलेलं आहे. अशा बऱ्याच बाळांत मेंदू आणि कवटी यांच्यामध्ये, पुढच्या बाजूला, पाण्याचा थर नेहमीपेक्षा जाड असतो. मेंदूभोवतीचं हे द्रव सतत तयार होत असतं आणि रक्तात परत शोषलं जात असतं. या बाळांत ते शोषून घेणारी यंत्रणा बहुधा थोडी उशिरा पक्व होते, असं मानलं जातं. टाळू उघडी असेपर्यंत तिच्यातून सोनोग्राफी करता येते, बाळाला झोपवावं लागत नाही, किरण लागत नाहीत. त्यात हा थर दिसतो आणि मेंदूतल्या पोकळ्या नेहमीएवढ्या किंवा किंचित मोठ्या दिसतात. याला उपचार लागत नाही. आपल्या मुलाची पुढची मापं अशी: नऊ महिन्यांना ४८, वर्षाला ४९, दीड वर्षाला ५०.३. तक्त्यावर मांडून पाहिलं तर नऊ महिन्यांनंतर तो ९७ च्या रेषेला समांतर, तिच्या अर्धा सेंटीमीटर वरून चालला आहे. वर चढणं थांबलं, आणि तेच हवं होतं. या बाळांना थोडं जपायचं एवढ्यासाठी की जाड थरातल्या रक्तवाहिन्या ताणलेल्या असतात, पडझडीनंतर तिथे रक्त साकळण्याचा धोका थोडा जास्त असतो. डोक्याला मार लागून बाळ सुस्त झालं तर लगेच दाखवायचं.

त्याच ४६ सेंटीमीटरवर दुसरं बाळ वेगळ्या वाटेने येऊ शकतं. साडेतीन महिन्यांना त्याचाही घेर ४२ होता, पण दोनच आठवड्यांनी तो ४३.५ भरला. पहिल्या तीन-चार महिन्यांत पंधरवड्यात एक सेंटीमीटरपेक्षा जास्त वाढ दिसली तर आपल्याकडच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पहिला संशय डोक्यात पाणी साचल्याचा घ्यायला शिकवतात. या बाळाची टाळू बसवलेल्या अवस्थेत, शांत असतानाही फुगून ताठ लागते. शिवणींमध्ये बोट आत जाईल इतकी फट लागते. डोक्यावरच्या निळ्या शिरा ठळक होतात. नजर खाली ओढल्यासारखी होते, बुबुळावर वरून पांढरा भाग दिसतो. दूध नकोसं होतं, उलट्या होतात, बाळ किरकिरं होतं आणि नंतर गुंगल्यासारखं राहतं. इथे सोनोग्राफीत मेंदूच्या पोकळ्याच फुगलेल्या दिसतात. कारणं वेगवेगळी असतात: पाणी वाहून नेणारा अरुंद मार्ग जन्मतःच बंद असणं, मणक्याचा जन्मजात दोष, दिवसांआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत झालेला रक्तस्राव, मेंदुज्वर. अशा बाळाला मेंदूच्या शस्त्रक्रियातज्ज्ञाकडे त्याच दिवशी पाठवतात. बहुतेकांना नळी घालून ते पाणी पोटात वाट काढून द्यावं लागतं, काहींत दुर्बिणीने आतच नवी वाट करता येते.

दोन्ही बाळांनी रेषा ओलांडली, दोघंही ९७ च्या वर. फरक ठरला तो वेगाने, टाळूने आणि बाळाच्या एकूण वागण्याने. रेषेने फक्त पाहायला लावलं.

'दोन रेषा ओलांडल्या तर तपासा' असा एक नियम सगळीकडे सांगितला जातो. तो चुकीचा नाही, पण कोणत्या तक्त्यावरच्या दोन रेषा, हे कुणी विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर ५० पासून ८५ पर्यंत जायला सव्वा सेंटीमीटर लागतो. अमेरिकी तक्त्यावर ९० आणि ९५ अशा दोन वेगळ्या रेषा आहेत आणि त्यांच्यात अर्ध्या सेंटीमीटरपेक्षाही कमी अंतर. ब्रिटनमध्ये वापरतात त्यावर तर नऊ रेषा असतात. एकाच बाळाचं एकच माप एका तक्त्यावर जागच्या जागी राहतं आणि दुसऱ्यावर रेषा ओलांडतं. मोबाइलवरची काही अ‍ॅप्स कोणता तक्ता वापरतात ते सेटिंगमध्ये खोलवर लिहिलेलं असतं, आणि मुलगा की मुलगी हा पर्याय चुकीचा निवडला असला तरी आलेख तितकाच सुंदर दिसतो. आकडा काढण्याआधी जन्मतारीख, लिंग आणि तक्ता या तीन गोष्टी पाहाव्यात.

दिवसांआधी जन्मलेल्या बाळांचं गणित आणखी वेगळं. आठव्या महिन्यात, म्हणजे आठ आठवडे आधी जन्मलेलं बाळ चार महिन्यांचं झालं तरी तक्त्यावर ते दोन महिन्यांच्या जागी मांडायचं, आणि ही दुरुस्ती दोन वर्षांपर्यंत चालू ठेवायची. ती विसरली तर चांगलं वाढणारं डोकंही लहान ठरतं. शिवाय अशी बाळं आजारातून बाहेर आली, दूध नीट प्यायला लागली की त्यांचं डोकं झपाट्याने भरपाई करतं आणि रेषा ओलांडत वर जातं. ती चांगली बातमी असते, फक्त मेंदूत रक्तस्राव झालेल्या बाळात ती भरपाई आहे की पाणी, हे सोनोग्राफीने बघून घ्यावं लागतं. जन्मतःच्या मापांसाठी, दिवस भरायच्या आत आलेल्या बाळांनाही धरून, जे आंतरराष्ट्रीय तक्ते २०१४ नंतर आले, त्यांच्या आठ केंद्रांमध्ये आपलं नागपूर होतं.

खाली जाणाऱ्या रेषेकडे घरात सहसा कुणाचं लक्ष जात नाही. मोठं डोकं दिसतं, लहान डोकं गोंडस वाटतं. पण वैद्यकीय दृष्टीने खाली ओलांडलेली रेषा जास्त काळजीने बघावी लागते, कारण कवटी मागे पडते ती बहुधा मेंदूची वाढ मंदावली म्हणून. कुपोषणात शरीर मेंदूला शेवटपर्यंत जपतं: आधी वजन घसरतं, मग लांबी, डोकं सर्वांत शेवटी. तेव्हा तिन्ही आलेख एकमेकांशेजारी ठेवून वाचायचे. वजन घसरलेलं आणि डोकं अजून आपल्या रेषेवर असेल तर आहाराचा प्रश्न आहे आणि वेळ अजून गेलेली नाही. वजन आणि लांबी व्यवस्थित आणि डोकंच एकटं खाली येत असेल तर मात्र प्रसूतीच्या वेळी गुदमरणं, गर्भात झालेला संसर्ग, शिवणी लवकर जुळणं, काही जनुकीय आजार अशी यादी डॉक्टरांच्या मनात येते.

त्यातलं एक कारण आपल्याकडे विशेष बघायला मिळतं आणि ते दुरुस्त होणारं आहे. आई अनेक वर्षांची शाकाहारी, दूधदुभतंही कमी, तिच्या शरीरात ब-१२ जीवनसत्त्व नाही आणि बाळ सहा-आठ महिन्यांचं होऊनही फक्त तिच्याच दुधावर. अशा बाळात ती कमतरता उतरते. बाळ फिकट पडतं, बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडते, हसणं आणि बसणं शिकलेलं असून ते विसरतं, पुढे हातपाय कापायला लागतात. डोक्याचा घेर या काळात अडून राहतो. सहा महिन्यांना ४३ आणि नऊ महिन्यांना पुन्हा ४३.२ असे आकडे दिसले आणि बाळ सुस्त वाटलं तर रक्ताची तपासणी लवकर करून घ्यावी. जीवनसत्त्व दिल्यावर बहुतेक बाळं काही दिवसांत टवटवीत होतात. उपचार जितका लांबेल तितकी बुद्धीच्या वाढीत कमतरता मागे राहण्याची शक्यता वाढते.

घरी घेर मोजावा का, असं पालक विचारतात. महिन्यातून एकदा, त्याच टेपने, त्याच माणसाने मोजायला हरकत नाही. रोज मोजण्यात अर्थ नाही, कारण सहा महिन्यांच्या पुढे दिवसाची खरी वाढ मिलिमीटरचा पाचवा भागही नसते आणि टेपची चूक त्याच्या दसपट. लस घ्यायला जाल तेव्हा मागची सगळी मापं तारखांसकट सोबत असू द्यावीत, दवाखाना बदलला असेल तर विशेषकरून. माप संशयास्पद वाटलं आणि बाळ खेळतंय-पितंय, टाळू सपाट आहे, तर एक-दोन आठवड्यांनी तिथेच पुन्हा मोजून घेणं पुरतं. टाळू ताठ फुगलेली, उलट्या, गुंगी, खाली ओढलेली नजर, आकडी, यांपैकी काहीही असेल तर टेपची वाट बघू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. आणि सोनोग्राफी सांगितली असेल तर ती टाळू उघडी आहे तोवर करून घ्यावी. टाळू बुजली की तेच बघायला एमआरआय लागतो आणि त्यासाठी बाळाला औषध देऊन झोपवावं लागतं.